हे घर नेमके कोणाचे?

कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर पहाटे उतरलेल्या कुटुंबापुढे पहिला प्रश्न असतो तो मुक्कामी पोहोचण्याचा. हातात बॅगा, सोबत पेंगुळलेली मुले, आणि ज्याच्याकडे जायचे तो नातेवाईक अजून फोन उचलत नाही. स्टेशनाच्या तोंडाशीच कोणीतरी विचारतो, "कुठं जायचंय?" आणि ठिकाण कळले की लगेच आकडा सांगतो. तीनशे, चारशे, पाऊस असला तर पाचशे. हा आकडा सांगणारा बरेचदा रिक्षाचालक नसतोच. तो गिऱ्हाईक आणून देणारा दलाल असतो आणि त्याचा वाटा त्या आकड्यात आधीच घातलेला असतो.

मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचे भाडे सरकारी प्राधिकरण ठरवते, त्यात घासाघीस करण्याची गरजच नसते. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि त्यापुढे दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे असा दर लागू झाला. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत तो सव्वापट होतो. म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या प्रवासाचे दिवसा ११२ रुपयांच्या आसपास व्हायला हवेत आणि रात्री १४० च्या आसपास. वाटेत कोंडी असेल तर थांबण्याचे थोडे जास्त होतील. हा हिशेब ज्याला तोंडपाठ असतो, त्याला दलाल आकडा सांगतच नाही. तो बॅगांकडे, चेहऱ्याकडे, पत्ता विचारण्याच्या पद्धतीकडे बघून माणूस निवडतो.

मीटरमध्ये फेरफार करणे हा यापुढचा प्रकार. काही रिक्षांत मीटरला जोडलेले छुपे बटण असते. ते दाबले की आकडा भराभर पुढे सरकतो. अशा रिक्षांवर मुंबईत वेळोवेळी कारवाई झालेली आहे. प्रवाशाला हे ओळखायचे तर फोनवरच्या नकाशात अंतर बघून वरचा हिशेब करावा. रस्ता मोकळा असताना मीटर दीडपट दाखवत असेल तर शंका घ्यायला जागा आहे. उतरताना वाद घालत बसण्यापेक्षा रिक्षाच्या नंबरप्लेटचा आणि मीटरचा फोटो काढून वाहतूक पोलिसांकडे किंवा आरटीओकडे तक्रार करणे जास्त उपयोगाचे ठरते. आणि हेही तितकेच खरे की मुंबईत मुकाट्याने मीटर टाकून चालणाऱ्या चालकांची संख्या मोठी आहे. लूट होते ती मुख्यतः टर्मिनस, बस स्थानके आणि विमानतळाच्या दारात, जिथे रोज नवी माणसे उतरतात आणि फसवलेला माणूस सहसा परत भेटत नाही.

बाहेरून आलेल्यांना गाठण्याची हीच रीत तीर्थक्षेत्री वेगळ्या रूपात दिसते. शनिशिंगणापूरच्या वाटेवर बाहेरगावची नंबरप्लेट दिसली की मोटारसायकलवरचा एखादा तरुण गाडीच्या बाजूने धावू लागतो. पार्किंग इकडे आहे, रस्ता बंद आहे, चला मी दाखवतो, असे सांगत तो गाडी ठरावीक दुकानासमोर नेऊन उभी करतो. अहिल्यानगर जिल्ह्यात यांना लटकू म्हणतात. शिर्डीत यांच्याच जातकुळीतल्या लोकांना पॉलिशवाले हे नाव आहे. पार्किंग फुकट असते, सोबत 'गाइड'ही फुकट असतो, आणि मग पूजेच्या ताटाची, तेलाची किंमत समोर येते. ती बाजारभावाच्या कितीतरी पट असते, कारण त्यात गाडी आणून देणाऱ्याचे कमिशन असते. ताट घेतल्याशिवाय दर्शन होत नाही, असेही बिनदिक्कत सांगितले जाते. दर्शनासाठी असे कोणतेही ताट बंधनकारक नसते, आणि सशुल्क दर्शनाची सोय असेल तिथे पास देवस्थानच्या खिडकीवर किंवा त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरच मिळतो. रस्त्यात गाडी थांबवणाऱ्याच्या हाती तो देण्याचा अधिकार नसतो.

रिक्षात दोनशे गेले, शिंगणापुरात दोन हजार गेले, तर माणूस चरफडतो आणि पुढे जातो. घर भाड्याने घेताना मात्र याच दलालीच्या वाटेने आयुष्यभराची पुंजी जाते.

मुंबई, ठाणे, मीरा रोड, वसई, नवी मुंबई या पट्ट्यात 'हेवी डिपॉझिट' नावाचा व्यवहार वर्षानुवर्षे चालत आला आहे. त्याचा गाभा साधा आहे. भाडेकरू घरमालकाला एकरकमी मोठी अनामत देतो आणि त्या बदल्यात महिन्याचे भाडे द्यावे लागत नाही, किंवा नावापुरते द्यावे लागते. मुदत संपली की घर परत, रक्कम परत. मालकाला धंद्यासाठी किंवा मुलीच्या लग्नासाठी बिनव्याजी पैसा मिळतो. भाडेकरूकडे निवृत्तीचे, जमीन विकल्याचे किंवा सोने मोडल्याचे पैसे असतील तर त्याची दरमहा भाड्याची कटकट सुटते. मालक आणि भाडेकरू समोरासमोर बसून नोंदणीकृत कराराने हे करत असतील तर त्यात बेकायदा काही नाही. घात होतो तो या दोघांच्या मध्ये तिसरा माणूस शिरला की.

तो कसा शिरतो हे आकड्यांतच बघायला हवे. समजा, मीरा रोडला एका माणसाचा वन बीएचके आहे आणि तो स्वतः नाशिकला राहतो. एक एजंट त्याच्याकडे जातो आणि घर आपल्यासाठी, किंवा आपल्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी, भाड्याने मागतो. भाडे २०,००० आणि डिपॉझिट ६०,००० ठरते. मालक खूश, कारण भाडे पहिल्या तारखेला खात्यात पडते. आता तोच एजंट 'हेवी डिपॉझिटवर घर, भाडे शून्य' अशी जाहिरात करतो. गावाकडून नोकरीसाठी आलेले एक कुटुंब घर बघते, पसंत करते आणि एजंटला सात लाख देते. एजंट त्यातूनच मालकाचे ६०,००० भरतो आणि पुढचे पाच महिने त्याच पैशातून दरमहा २०,००० भाडे भरत राहतो. त्याचा खर्च झाला १,६०,०००. हातात उरले ५,४०,०००. असे आठ-दहा फ्लॅट त्याने एकाच वेळी फिरवले की अर्ध्या कोटीच्या आसपास रक्कम जमते. सहाव्या महिन्यात त्याचा फोन बंद होतो.

त्या पाच महिन्यांत कोणालाच काही खटकत नाही, हीच या योजनेची खरी ताकद. मालकाला भाडे मिळते आहे. कुटुंबाला घर मिळाले आहे. शेजारी त्यांना नवे भाडेकरू समजतात. भाडे थकल्यावर मालक नाशिकहून येतो, दार वाजवतो आणि अनोळखी माणसे दार उघडतात. दोघांच्याही हातात एकाच घराचा करार असतो, पण दोन्ही करारांत समान नाव फक्त एजंटचे. कुटुंबाने सात लाख मालकाला दिलेलेच नसल्यामुळे मालक ते परत करायला बांधील नसतो. त्याने घर मागितले तर त्याचेही चूक म्हणता येत नाही.

असे व्यवहार ज्या वाक्यांनी पुढे ढकलले जातात ती जवळपास ठरलेली असतात. मालक दुबईला असतात. मालक म्हातारे आहेत, त्यांचं सगळं मीच बघतो. पूर्ण रक्कम करारात दाखवली तर स्टॅम्प ड्युटी फार जाईल, आपण कागदावर पन्नास हजारच लिहू. आणि सगळ्यांत घातक वाक्य: सोसायटीत हेवी डिपॉझिटचं बोलू नका, ते भाडेकरूंना उगाच त्रास देतात. या एका सूचनेने नवे कुटुंब इमारतीतल्या त्या सगळ्या लोकांपासून तोडले जाते, ज्यांना मालक कोण हे नक्की ठाऊक आहे.

यातली स्टॅम्प ड्युटीची भीती तर निव्वळ खोटी आहे. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करारावरचे मुद्रांक शुल्क संपूर्ण मुदतीचे भाडे आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के धरलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का असते. भाडे शून्य आणि मुदत एक वर्षाची असेल तर सात लाखांवर दहा टक्के म्हणजे ७०,०००, आणि त्याचा पाव टक्का म्हणजे १७५ रुपये. त्यात महापालिका हद्दीतली नोंदणी फी १,००० रुपये धरली आणि करार करून देणाऱ्याची मजुरी मिळवली तरी सात लाखांच्या व्यवहारापुढे हा खर्च नगण्य आहे. मोठी अनामत लिहिल्याने मोठे शुल्क लागते, ही समजूत पसरवण्यात फायदा कोणाचा ते उघड आहे. कागदावर पन्नास हजार लिहिले गेले की उरलेले साडेसहा लाख दिल्याचा पुरावाच राहत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घर देणाऱ्यावर आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोटरीकडे शिक्का मारून आणलेला स्टॅम्प पेपर म्हणजे नोंदणी नव्हे. शहरात नव्याने आलेल्या माणसाला हा फरक कोणी सांगत नाही. लाल-निळे शिक्के आणि वकिलाची सही बघून तो निर्धास्त होतो. नोंदणी आता दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात न जाता घरी बसूनही होते. करार करून देणारा अंगठ्याचे यंत्र घेऊन येतो आणि दोन्ही पक्षांची ओळख आधारवरून पटवली जाते.

इथे एक मर्यादा मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण सुशिक्षित माणसेही इथेच फसतात. अंगठा लावल्याने समोरचा माणूस कोण आहे ते सिद्ध होते. घर त्याचे आहे हे त्याने सिद्ध होत नाही. भाडेकरार नोंदवताना मालकीची छाननी होत नाही. एजंट स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आधारने 'घर देणारा' म्हणून करार नोंदवू शकतो आणि तो कागद दिसायला अगदी अस्सल असतो.

म्हणून तीन गोष्टी एकमेकींशी ताडून बघाव्या लागतात. घर कोणाच्या नावावर आहे हे सांगणारा कागद म्हणजे सूची क्रमांक दोन, म्हणजेच सगळे ज्याला इंडेक्स टू म्हणतात तो. घर विकत घेतल्याची नोंदणी झाली की तो तयार होतो. त्यात विकणारा, घेणारा, मिळकतीचे वर्णन आणि नोंदणीची तारीख असते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या freesearchigrservice.maharashtra.gov.in या संकेतस्थळावर गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकून तो विनामूल्य शोधता येतो. शोधायला जमत नसेल तर समोरच्याकडे मागावा. खऱ्या मालकाकडे तो असतोच. इंडेक्स टूमधल्या खरेदीदाराचे नाव आणि करारावर अंगठा लावणाऱ्याचे नाव एकच असले पाहिजे, आणि डिपॉझिट ज्या बँक खात्यात जाणार ते खातेही त्याच नावाचे. तिन्ही ठिकाणी एकच नाव असेल तर मध्ये एजंट कितीही गोड बोलणारा असो, पैसा त्याच्या हाती थांबत नाही. त्याला त्याची दलाली वेगळी, पावती घेऊन द्यावी.

मालक खरोखरच परदेशात असेल तर? असतो, अशी कितीतरी घरे आहेत. मग त्याने दिलेले कुलमुखत्यारपत्र बघावे, मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोलावे आणि तरीही रक्कम मालकाच्याच खात्यात भरावी. मुखत्याराला करारावर सही करण्याचा अधिकार असू शकतो, पण डिपॉझिटही त्याच्याच खात्यात हवे असा त्याचा हट्ट असेल तर व्यवहार तिथेच थांबवलेला बरा. मालकाचा नंबर एजंटकडून घेण्यापेक्षा सोसायटीच्या सेक्रेटरीकडून किंवा ऑफिसातून घ्यावा. एजंटने दिलेल्या नंबरावर 'मालक' म्हणून बोलणारा त्याचाच मित्र निघाल्याची उदाहरणे आहेत. सोसायटीकडे सभासदांची नोंदवही असते, मेंटेनन्सच्या पावत्या कोणाच्या नावाने निघतात हे तिथे दहा मिनिटांत कळते. मालकाच्या वडिलांच्या नावावरचे, वारसा हक्काने आलेले घर असेल तर इंडेक्स टूवर जुने नाव निघेल. अशा वेळी सोसायटीची ही नोंद जास्त कामाची ठरते.

हे सगळे उपाय इमारतीतल्या घराला लागू पडतात. चाळीत, झोपडपट्टीत किंवा गावठाणातल्या बांधकामात इंडेक्स टू बहुधा नसतोच, आणि लाख-दीड लाखाचे हेवी डिपॉझिट देणारी सर्वांत गरीब कुटुंबे तिथेच राहतात. तिथे वीजबिल, कर पावती आणि मुख्य म्हणजे आजूबाजूच्या चार जुन्या रहिवाशांची साक्ष एवढ्यावरच भागवावे लागते. ज्यांना नुकसान सर्वांत जास्त झोंबते, त्यांच्याकडे पडताळणीची साधने सर्वांत कमी आहेत, आणि या बाबतीत सरकारी यंत्रणेने काही सोपी सोय उभी करायला हवी.

पुण्यात किंवा बंगळुरूला नोकरी लागलेली तरुण मुले वेगळ्या सापळ्यात सापडतात, कारण ती घर गाव सोडण्याआधीच ऑनलाइन शोधतात. जाहिरातीतला फ्लॅट देखणा असतो आणि भाडे त्या भागाच्या मानाने बरेच कमी. फोन उचलणारा सांगतो की तो लष्करात किंवा सीआयएसएफमध्ये आहे, बदली झाल्यामुळे घर द्यायचे आहे. ओळखपत्राचा आणि कँटीन कार्डाचा फोटो तो न मागता पाठवतो. ती कागदपत्रे बहुधा दुसऱ्याच कुणाची, चोरलेली असतात. घर बघायला यायचे तर सोसायटीच्या गेट पाससाठी दोन-तीन हजार भरा, भेट झाली की परत, असे तो म्हणतो. पैसे भरले की पुढचे कारण तयार असते. किंवा तो उलट बोलतो: आमच्या खात्यातून तुम्हाला आगाऊ रक्कम पाठवायची पद्धत आहे, आधी एक रुपया पाठवा, मग हा क्यूआर स्कॅन करा. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. पैसे घेण्यासाठी पिन टाकण्याची वेळ आली याचा अर्थ पैसे आपल्या खात्यातून बाहेर चालले आहेत. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय, स्वतः जमत नसेल तर त्या शहरातल्या मित्राला पाठवल्याशिवाय, टोकन म्हणून पाचशे रुपयेही देऊ नयेत.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर पहिल्या काही तासांना फार मोल असते. १९३० या क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in वर लगेच तक्रार नोंदवली तर रक्कम ज्या खात्यात गेली तिथे ती गोठवता येण्याची शक्यता असते. पण ती खाती बहुधा भाड्याने घेतलेली असतात आणि पैसे तासाभरात तिथून चार ठिकाणी फिरवले जातात. दुसऱ्या दिवशी केलेल्या तक्रारीत हाती लागण्यासारखे फार कमी उरते.

हेवी डिपॉझिटच्या फसवणुकीत अडचण निराळी असते. कुटुंब पोलीस ठाण्यात जाते आणि तिथे ऐकायला मिळते, हा तर करारातला वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीचा गुन्हा आहे. पण तो सिद्ध व्हायला व्यवहार करतानाच मनात कपट होते हे दाखवावे लागते. नुसते पैसे परत न करणे पुरेसे ठरत नाही. त्या कपटाचा सर्वांत ठोस पुरावा मालकाकडे असतो, आणि संतापाच्या भरात कुटुंब नेमके त्याच्याशीच भांडत बसते. मालकाचा एजंटशी झालेला करार आणि कुटुंबाचा एजंटशी झालेला करार शेजारी ठेवले की पत्ता एक, मुदत जवळपास एक, आणि रकमा दोन वेगळ्या दिसतात. मालकाच्या करारात पोटभाडेकरू ठेवायला मनाई असेल, आणि ती बहुधा असतेच, तर एजंटला सुरुवातीपासून माहीत होते की हे घर पुढे देण्याचा आपल्याला अधिकार नाही. मालक आणि कुटुंब दोघांनी मिळून तक्रार दिली, त्याच एजंटने फिरवलेल्या इतर फ्लॅटमधल्या लोकांना शोधून सोबत घेतले, बँकेचे उतारे आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे तारीखवार जोडले, तर प्रकरण दिवाणी म्हणून बाजूला सारणे पोलिसांना अवघड जाते.